वर्षाचा प्रीमियम एकदाच भरलाय, खर्च मात्र दर महिन्याला पडायला हवा: ईआरपीनेक्स्टमध्ये प्रीपेड खर्च कसा लावायचा

अकाउंट्समध्ये नवीन लागलेल्या पोरापोरींना प्रीपेडची थिअरी येत असते, बी.कॉम.ला केलेलं असतं सगळं, "पुढच्या वर्षाचा भाग वजा करा आणि बॅलन्स शीटला ॲसेट साइडला दाखवा" वगैरे. पण ईआरपीसमोर बसवलं की अडतात, कारण तिथे वर्षाच्या शेवटी एक ॲडजस्टमेंट मारून मोकळं होता येत नाही, तिथे बिल टाकतानाच सिस्टमला सांगावं लागतं की बाबा हे पैसे अमुक तारखेपासून तमुक तारखेपर्यंतचे आहेत, दर महिन्याचा वाटा तू खर्चात टाक. तर हा लेख त्यासाठीच आहे आणि उदाहरण एकच घेतलंय, ते शेवटपर्यंत ओढणार आहे.

सिस्टम मी ईआरपीनेक्स्ट घेतली आहे. मुंबईच्या फ्रॅपे कंपनीची, ओपन सोर्स आहे, टेस्ट साइट टाकून स्वतः करून बघता येते. बाकी ओडू, नेटस्वीट, बिझनेस सेंट्रल सगळीकडे हीच सोय वेगवेगळ्या नावांनी आहे, हिशोब तोच.

आपली केस

चाकणला एक पॅकेजिंगचं छोटं युनिट आहे असं धरा. फॅक्टरीची फायर पॉलिसी काढली. प्रीमियम ₹१,४६,०००, त्यावर १८ टक्के जीएसटी म्हणजे ₹२६,२८०, एकूण ₹१,७२,२८०. बिल आलं १० जुलै २०२५ ला आणि पैसे त्याच दिवशी गेले, पण पॉलिसीवर कालावधी लिहिलाय १५ जुलै २०२५ ते १४ जुलै २०२६. म्हणजे बरोबर ३६५ दिवस, आणि दिवसाला ₹४०० (आकडा मुद्दाम असा घेतलाय की तोंडी पडताळता येईल).

आता हे बिल सरळ इन्शुरन्स खर्चात टाकलं तर काय होईल? जुलैच्या पी अँड एलला दीड लाखाच्या आसपासचा खड्डा, मालक विचारणार या महिन्यात काय झालं, आणि ऑगस्टपासून पुढे इन्शुरन्स शून्य, जणू फॅक्टरीला विमाच नाही. वर्षअखेरीला ₹४२,००० पुढच्या वर्षाचे म्हणून जर्नलने काढायचे, एप्रिलमध्ये परत उलटे टाकायचे, तेही कुणाच्या लक्षात राहिलं तर. वर्षाचा आकडा त्याने बरोबर येतो हो, पण दर महिन्याला एमआयएस जात असेल तर बाराही महिने चुकीचे जातात.

आधी ठरवा, हे प्रीपेड आहे का

सगळंच प्रीपेडमध्ये ढकलायची सवय लागते काही लोकांना, म्हणून हे आधी. पैसे आधी दिले, बिल आलंय, आणि फायदा पुढच्या ठरावीक तारखांमध्ये मिळणार आहे, या तिन्ही गोष्टी असतील तर प्रीपेड. जागेचं डिपॉझिट प्रीपेड नाही, ते परत मिळणार असतं. सप्लायरला ॲडव्हान्स दिलाय पण बिलच नाही, तर तो ॲडव्हान्सच राहतो, पेमेंट एन्ट्रीतून सप्लायरच्या खात्यावर. आणि ₹१,८०० चं वर्षाचं डोमेन रिन्यूअल बारा तुकड्यांत पाडण्यात काही अर्थ नाही, त्याच्या एन्ट्र्या तपासायला लागणारा वेळच जास्त महाग. कंपनीने एक मर्यादा ठरवून ऑडिटरशी बोलून लिहून ठेवावी, समजा ₹१०,००० च्या खालचं सरळ खर्चात. मर्यादा काय असावी यावर वाद घालत बसू नका, एकच ठेवा आणि दरवर्षी तीच पाळा.

पायरी १: खाती

दोन खाती लागतात. एक खर्चाचं, `Insurance Expense`, ते बहुतेक आधीच असेल. दुसरं ॲसेटचं, `Prepaid Insurance`, ते करंट ॲसेट्सच्या ग्रुपखाली बनवा. चार्ट ऑफ अकाउंट्समध्ये जाऊन नवीन लेजर, बस.

इन्शुरन्स, एएमसी, सॉफ्टवेअर लायसन्स, भाडं या सगळ्यांचं एकच प्रीपेड खातं ठेवायचं की वेगवेगळी? माझं मत वेगवेगळी. एकाच खात्यात वीस बिलं असली की मार्चला बॅलन्स जुळवताना डोकं फिरतं, आणि एका बिलाची चूक दुसऱ्याच्या आकड्यात लपून जाते. पाच खाती जास्त झाली तर ट्रायल बॅलन्स काही फाटत नाही.

कंपनीच्या फॉर्ममध्ये `Default Deferred Expense Account` असं एक फील्ड आहे, तिथे जे खातं जास्त वापरात येणार ते टाकून ठेवा. पण भरवसा त्याच्यावर ठेवू नका, आयटमवर योग्य ते खातं टाकलेलं बरं.

पायरी २: सेटिंग्ज

`Accounts Settings` उघडा, त्यात डिफर्ड अकाउंटिंगचा भाग शोधा. तिथे चार गोष्टी आहेत आणि त्या नीट समजल्या की पुढचा अर्धा त्रास वाचतो.

पहिली, `Automatically Process Deferred Accounting Entry`. ही टिक असली की दर महिन्याच्या १ तारखेला सिस्टम स्वतःहून मागच्या महिन्याच्या एन्ट्र्या टाकते. म्हणजे जुलैचा वाटा पडतो १ ऑगस्टला, पण एन्ट्रीवर तारीख ३१ जुलैच असते. नवीन लोक ३१ तारखेला संध्याकाळी लेजर उघडतात, काही दिसत नाही, आणि घाईघाईने हाताने जर्नल मारून टाकतात. हे करू नका, का ते पुढे येईलच.

दुसरी, `Book Deferred Entries Based On`. यात `Days` किंवा `Months`. डेज घेतलं तर ३१ दिवसांच्या महिन्याला जास्त, फेब्रुवारीला कमी. मंथ्स घेतलं तर पूर्ण महिन्यांना सारखा हप्ता, आमच्या केसमध्ये साधारण ₹१२,१६६.६७, आणि सुरुवातीच्या-शेवटच्या अर्धवट महिन्यांना त्या प्रमाणात. पॉलिसी महिन्याच्या अधूनमधून सुरू होते, म्हणून इन्शुरन्सला डेज साफ पडतं. भाडं, एएमसी १ तारखेपासून असतील तर मंथ्स दिसायला बरं. पण ही सेटिंग बिलागणिक बदलता येत नाही, सगळ्यांना एकच लागते, आणि वर्षाच्या मध्यात बदलू तर अजिबातच नका. मी या लेखात डेज धरलंय.

तिसरी, `Book Deferred Entries Via Journal Entry`. ही टिक नसेल तर दर महिन्याची एन्ट्री वेगळं जर्नल म्हणून बनत नाही, ती मूळ परचेस इनव्हॉइसच्याच नंबराखाली लेजरमध्ये पडते, फक्त तारीख महिनाअखेरची. त्यामुळे जर्नल एन्ट्रीच्या लिस्टमध्ये शोधून शोधून सापडत नाही आणि लोकांना वाटतं सिस्टम चालतच नाहीये. जनरल लेजर उघडा, खातं `Prepaid Insurance` लावा, तिथे दिसेल. टिक लावली तर दर वेळेला वेगळं जर्नल बनतं, ऑडिटरला दाखवायला सोपं.

चौथी तिसरीशीच जोडलेली, `Submit Journal Entries`. जर्नलने बुक करायचं म्हणालात आणि ही टिक सोडली तर जर्नल ड्राफ्टमध्ये पडून राहतात, लेजरला काहीच येत नाही. वाईट भाग असा की सिस्टमच्या लेखी त्या महिन्याचं काम झालेलं असतं, ती परत बनवायला जात नाही. तपासणारा माणूस नेमलेला असेल तरच ड्राफ्ट ठेवा, नाहीतर दोन्ही टिका एकत्र.

पायरी ३: आयटम

इन्शुरन्ससाठी एक आयटम बनवा, नाव समजा `Fire Insurance Premium`. `Maintain Stock` काढून टाका, ही काही गोदामात ठेवायची वस्तू नाही. अकाउंटिंगच्या भागात `Enable Deferred Expense` टिक करा, डिफर्ड एक्सपेन्स खातं `Prepaid Insurance` निवडा, महिने १२ टाका. आणि नेहमीच्या डिफॉल्ट एक्सपेन्स खात्यात `Insurance Expense`. दोन खात्यांची अदलाबदल झाली की पुढे सगळंच उलटं होतं, सेव्ह करण्याआधी एकदा मोठ्याने वाचून बघा: पैसे आधी प्रीपेडमध्ये जाणार, तिथून खर्चात येणार.

पायरी ४: बिल, आणि त्यातल्या दोन तारखा

सगळा खेळ इथेच आहे म्हणून जरा थांबून बघा.

परचेस इनव्हॉइस बनवा, सप्लायर म्हणजे विमा कंपनी, पोस्टिंग डेट १० जुलै २०२५, आयटम टाका, रेट १,४६,०००. आता आयटमची ओळ उघडा, पेन्सिलीच्या खुणेवर क्लिक करून, खाली डिफर्ड एक्सपेन्सचा भाग दिसेल. तिथे `Service Start Date` आणि `Service End Date` आपोआप भरलेल्या असतील आणि इथेच माणूस फसतो, कारण भरलेलं दिसलं की बरोबरच असणार असं वाटतं.

सुरुवातीची तारीख सिस्टम बिलाच्या तारखेवरून उचलते. तिला पॉलिसी कधी सुरू होते ते कुठून कळणार? आणि शेवटची तारीख ती सुरुवातीत १२ महिने मिळवून काढते. म्हणजे काहीच न बदलता सेव्ह केलंत तर कालावधी होतो १० जुलै २०२५ ते १० जुलै २०२६. सुरुवात पाच दिवस आधी, शेवट चार दिवस आधी, आणि वर १० ते १० मोजलं तर दिवस होतात ३६६, एक जास्तीचा. जुलैमध्ये १७ दिवसांचे ₹६,८०० पडायला हवे होते तिथे २२ दिवसांचे ₹८,७७६ च्या आसपास पडतात. दोन हजाराचा फरक, एवढा छोटा की कुणाच्या डोळ्यात खुपत नाही, तशाच तीस पॉलिस्या असल्या की मग वर्षअखेरीला ऑडिटर विचारतो आणि कुणालाच उत्तर माहीत नसतं.

म्हणून पॉलिसीचा कागद समोर ठेवा, त्याच्यावरच्या तारखा हाताने टाका. सुरुवात १५ जुलै २०२५, शेवट १४ जुलै २०२६. शेवटचा दिवस मोजण्यात धरला जातो, म्हणून १४, १५ नाही. बिलाचा पीडीएफ नाही, पॉलिसीचं शेड्यूल बघायचं, बिलावर कित्येकदा कालावधी नसतोच.

सबमिट केल्यावर एन्ट्री अशी दिसायला हवी:

```
Dr  Prepaid Insurance     146000
Dr  Input Tax CGST         13140
Dr  Input Tax SGST         13140
Cr  Creditors             172280
```

खर्चाच्या खात्याचं नावच नाही, हे बरोबर आहे. `Insurance Expense` डेबिट दिसलं तर ओळीवरची डिफर्ड टिक राहिली, लगेच कॅन्सल करून दुरुस्त करा, महिना गेल्यावर नाही.

जीएसटीबद्दल एक. सिस्टम फक्त कर वगळून उरलेली रक्कम पसरवते, कर बिलाच्या वेळीच कराच्या खात्यात जातो. फॅक्टरीच्या फायर पॉलिसीला क्रेडिट मिळतंय तोवर हे ठीक. पण जिथे क्रेडिट अडवलेलं असतं, उदाहरणार्थ कर्मचाऱ्यांचा ग्रुप मेडिक्लेम जो कायद्याने देणं बंधनकारक नाही, तिथे कर हा खर्चाचाच भाग होतो आणि तोही बारा महिन्यांत जायला हवा, जे सिस्टम स्वतःहून करत नाही. त्या रकमेसाठी वेगळी व्यवस्था लागते, आणि ती सीएला विचारून ठरवा, आयटमचा रेटच करासकट टाकण्याचा शॉर्टकट मारू नका, जीएसटीचे रिपोर्ट बिघडतात.

पायरी ५: पहिला महिना स्वतः चालवून बघा

ऑटोमॅटिकवर सोडण्याआधी एकदा हाताने चालवा, टेस्ट साइटवर तर नक्कीच. `Process Deferred Accounting` नावाचा फॉर्म आहे. कंपनी निवडा, टाइप `Expense`, खातं `Prepaid Insurance`, पोस्टिंग डेट ३१ जुलै २०२५, स्टार्ट १ जुलै, एंड ३१ जुलै, सबमिट. मग जनरल लेजर:

```
31-07-2025
Dr  Insurance Expense   6800
Cr  Prepaid Insurance   6800
```

सतरा दिवस गुणिले चारशे. आला हा आकडा की तारखा बरोबर पडल्या असं समजा. चुकला असेल तर हाच फॉर्म कॅन्सल केला की त्याच्या एन्ट्र्या उलटतात, काही नुकसान नाही.

पूर्ण वर्षाचं शेड्यूल असं येतं, आणि हे बिल टाकतानाच एक्सेलला काढून बिलाला अटॅच करून ठेवायची सवय लावा, पाच मिनिटांचं काम आहे:

| महिना | दिवस | खर्च ₹ | उरलेलं प्रीपेड ₹ |
|---|---|---|---|
| जुलै २०२५ | १७ | ६,८०० | १,३९,२०० |
| ऑगस्ट | ३१ | १२,४०० | १,२६,८०० |
| सप्टेंबर | ३० | १२,००० | १,१४,८०० |
| ऑक्टोबर | ३१ | १२,४०० | १,०२,४०० |
| नोव्हेंबर | ३० | १२,००० | ९०,४०० |
| डिसेंबर | ३१ | १२,४०० | ७८,००० |
| जानेवारी २०२६ | ३१ | १२,४०० | ६५,६०० |
| फेब्रुवारी | २८ | ११,२०० | ५४,४०० |
| मार्च | ३१ | १२,४०० | ४२,००० |
| एप्रिल | ३० | १२,००० | ३०,००० |
| मे | ३१ | १२,४०० | १७,६०० |
| जून | ३० | १२,००० | ५,६०० |
| जुलै | १४ | ५,६०० | ० |

३१ मार्चच्या बॅलन्स शीटला ₹४२,०००, म्हणजे पुढचे १०५ दिवस गुणिले ४००. शेवटच्या महिन्यात सिस्टम दिवसांचा गुणाकार करत नाही, जे काय उरलंय ते सगळं काढून टाकते, त्यामुळे पैशांचे तुकडे राहत नाहीत. आपल्या केसमध्ये आकडा पूर्ण आहे म्हणून दिसणार नाही, पण प्रीमियम १,४७,३१९ वगैरे असेल तेव्हा शेवटचा हप्ता एकदोन पैशांनी वेगळा दिसला तर घाबरू नका.

बंद पडतं कसं आणि कळतं कसं

पहिला प्रकार, काहीच पडत नाही. १ तारीख उलटली, २ उलटली, लेजर तसाच. बहुतेक वेळा साइटचा शेड्यूलर, म्हणजे ठरलेल्या वेळी कामं आपोआप चालवणारा भाग, बंद असतो, बॅकअप रिस्टोर केल्यावर किंवा सर्व्हर हलवल्यावर असं होतं आणि अकाउंट्सला कुणी सांगत नाही. `Scheduled Job Type` मध्ये `process_deferred_accounting` शोधा, शेवटचं कधी चाललं ते तिथे दिसतं. सर्व्हर तुमच्याकडेच असेल तर:

```
bench doctor
bench --site site1.local enable-scheduler
```

`site1.local` च्या जागी तुमच्या साइटचं नाव. राहिलेल्या महिन्यांसाठी तो वरचा फॉर्म हाताने चालवा, सिस्टम आधी किती बुक झालंय ते बघूनच पुढचं टाकते, त्यामुळे तोच महिना दोनदा चालवला म्हणून डबल पडत नाही.

पण, आणि हाच मघाशी म्हटलेला मुद्दा, तुम्ही स्वतः मारलेलं जर्नल तिला दिसत नाही. सिस्टम हिशोब धरते तो त्या बिलाच्या त्या ओळीशी जोडलेल्या एन्ट्र्यांचा. ३१ जुलैला तुम्ही हाताने ₹६,८०० चं जर्नल टाकलंत, १ ऑगस्टला सिस्टमने तिचं ₹६,८०० टाकलं, झाला खर्च डबल. आणि पॉलिसी संपते तेव्हा प्रीपेड खातं ₹६,८०० ने क्रेडिटला जाऊन बसतं. ॲसेटचं खातं क्रेडिट बॅलन्सला दिसलं की नव्वद टक्के हेच, कुणीतरी मध्ये हात घातलाय. डिफर्डवर असलेल्या बिलांना हाताने जर्नल नाही, हा नियम टीममध्ये सगळ्यांना सांगून ठेवा, खास करून जुन्या माणसांना ज्यांना वर्षानुवर्षं टॅलीत महिनाअखेरीला जर्नल मारायची सवय आहे.

दुसरा प्रकार, पडतं पण चुकीच्या महिन्यात. कंपनी ३१ तारखेला रात्रीच पुस्तकं फ्रीझ करते, म्हणजे फ्रीझची तारीख टाकून मागचा महिना बंद. १ ऑगस्टला जॉब चालतो, जुलै बंद सापडतो, मग तो जुलैचा वाटा ऑगस्टच्या शेवटच्या तारखेला टाकतो. लेजरला जुलैचे ₹६,८०० दिसतात ३१ ऑगस्टला, आणि जुलैला काहीच नाही. उपाय सोपा आहे, एकतर फ्रीझ २ तारखेनंतर करा, नाहीतर फ्रीझ करण्याआधी प्रोसेसचा फॉर्म हाताने चालवून घ्या. मार्चला तर हे हमखास करा, कारण मार्चचा वाटा एप्रिलमध्ये गेला की नुसता महिना नाही, वर्षच बदलतं.

मध्येच पॉलिसी वाढली किंवा रद्द झाली

नोव्हेंबरमध्ये नवं मशीन आलं, सम इन्शुअर्ड वाढवला, विमा कंपनीने एन्डॉर्समेंट दिली आणि जादा प्रीमियम ₹२५,६०० घेतला, १ नोव्हेंबर २०२५ ते १४ जुलै २०२६ साठी. जुन्या बिलाला हात लावायचा नाही. नवीन बिल, नवीन तारखा, २५६ दिवस, दिवसाला ₹१००. मार्चअखेरीला याचे १०५ दिवस म्हणजे ₹१०,५०० उरतात, आधीचे ४२,००० धरून प्रीपेड ₹५२,५००. दोन बिलं दोन शेड्यूल, संपताना दोन्ही एकाच दिवशी शून्य होतात.

रद्द होणं जरा किचकट. समजा एन्डॉर्समेंट वगैरे काही नाही, मूळ पॉलिसीच ३१ डिसेंबर २०२५ ला थांबवली. बिलाच्या ओळीवर `Service Stop Date` आहे, ते सबमिट झालेल्या बिलावरही भरता येतं. डिसेंबरचा वाटा पडून गेल्यावर तिथे ३१ डिसेंबर टाकलं की त्याच्यापुढे खर्च पडायचा थांबतो. दोनदा विचार करून टाका, एकदा टाकलेली तारीख सिस्टम बदलू देत नाही.

थांबला खर्च, पण प्रीपेडमध्ये पडलेले ₹७८,००० तसेच राहिले, ते कुणी काढायचे? ते तुमचं काम. विमा कंपनी कधीकधी उरलेल्या दिवसांचे पूर्ण पैसे देत नाही, शॉर्ट पिरियडच्या दराने कापून देते. समजा कर सोडून ₹६०,००० परत आले, तर ₹१८,००० हा आजच्या महिन्याचा खर्च. परतावा तुम्ही जर्नलने घेतला तर एकाच एन्ट्रीत बँक ६०,००० डेबिट, इन्शुरन्स खर्च १८,००० डेबिट, प्रीपेड ७८,००० क्रेडिट. पण जीएसटी उलटवायचा असल्यामुळे डेबिट नोट करावी लागली तर सावध राहा, रिटर्न केलेलं बिल प्रीपेड खात्यात न जाता सरळ खर्चाच्या खात्याला क्रेडिट मारतं. मग खर्चात ₹६०,००० क्रेडिट आलेलं असतं आणि प्रीपेडमध्ये ७८,००० अजून तसेच. अशा वेळी जर्नल टाका, खर्च डेबिट ७८,०००, प्रीपेड क्रेडिट ७८,०००. निव्वळ खर्च तोच १८,००० येतो. (हाताने जर्नल नको म्हटलं होतं ना, हा अपवाद, कारण या ओळीवर सिस्टम आता काही करणारच नाहीये.)

महिनाअखेरीचा पडताळा

`Deferred Revenue and Expense` नावाचा रिपोर्ट आहे, त्यात बिलवार महिन्यांच्या रकान्यांत किती पडलंय आणि पुढे किती पडणार ते येतं. तो काढा आणि प्रीपेड लेजरचा क्लोजिंग बॅलन्स त्याच्याशी जुळवा. मी त्याच्यावरही न थांबता दोनतीन मोठी बिलं उचलून उरलेले दिवस गुणिले दिवसाचा दर करून बघतो, कारण रिपोर्ट सिस्टममधल्या तारखांवर चालतो आणि तारीखच चुकली असेल तर रिपोर्ट आणि लेजर दोघं एकमेकांशी छान जुळतात, चुकीच्या आकड्यावर.

तीन वर्षांची एएमसी किंवा लायसन्स असेल तर अजून एक बघायचं. बॅलन्स शीटच्या तारखेपासून १२ महिन्यांच्या पुढचा जो भाग आहे तो नॉन-करंटमध्ये दाखवावा लागतो, आणि सिस्टम एकाच खात्यात सगळं ठेवते, ती हा भाग वेगळा काढून देत नाही. शेड्यूलच्या एक्सेलमधून मार्चला तो आकडा काढायचा, म्हणून ते एक्सेल बिलाला लावून ठेवा असं वर म्हटलं.

जुन्या सिस्टीममधून आलेली प्रीपेड

कंपनी १ ऑक्टोबर २०२५ ला टॅलीतून ईआरपीनेक्स्टवर आली असं धरा, हीच पॉलिसी तेव्हा अर्धवट चालू, प्रीपेड बॅलन्स ₹१,१४,८००. ओपनिंग एन्ट्रीने हा आकडा खात्यात येतो, पण डिफर्डचं मशीन परचेस इनव्हॉइसच्या ओळीवर चालतं, ओपनिंग बॅलन्सवर नाही. त्यामुळे हे ₹१,१४,८०० तिथेच बसून राहतात आणि जुलै २०२६ पर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही.

अशा दोनचार पॉलिस्या असतील तर सोपा मार्ग म्हणजे एक जर्नल बनवून त्याला `Auto Repeat` लावणं, महिन्याला एकदा, महिन्याच्या शेवटच्या दिवशी, शेवटची तारीख टाकून. `Submit on Creation` टिक करायला विसरू नका, नाहीतर परत ड्राफ्टचाच घोळ. पण ऑटो रिपीट नुसती कॉपी काढतं, त्याला दिवस मोजता येत नाहीत, दर महिन्याला तोच आकडा पडणार. उरलेले २८७ दिवस आहेत, ऑक्टोबर ते जून नऊ महिने आणि जुलैचे १४ दिवस. मग नऊ महिने ₹१२,१३० ठेवा, होतात ₹१,०९,१७०, आणि उरलेले ₹५,६३० जुलै २०२६ मध्ये हाताने. दिवसांच्या हिशोबापेक्षा महिन्याला थोडं इकडेतिकडे होईल, फेब्रुवारीत ₹९३० चा फरक, मार्चअखेरीला ₹२०. चालतं. मात्र शेवटचं ते जुलैचं जर्नल आत्ताच बनवून ड्राफ्टला ठेवा, तारीख १४ जुलै २०२६ टाकून, आणि रिमार्कमध्ये पॉलिसी नंबर लिहा, म्हणजे तोपर्यंत तुम्ही दुसऱ्या कंपनीत गेला असलात तरी तुमच्या जागेवर बसणाऱ्याला ते सापडेल.